रजेचं कारण : पंढरपूर

२०२५ मध्ये ६ जुलैला, रविवारी, आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख एकाच दिवशी आली. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती आणि शहरात ताजिये निघाले होते. दिवस रविवारचा असल्यामुळे त्या दिवसासाठी कुणालाच रजा मागावी लागली नाही. अडचण होती ती आधीच्या आणि नंतरच्या दिवसांची. पंढरपूरला पोचायचं तर ग्वाल्हेरहून पुण्यापर्यंतच जवळपास एक अख्खा दिवस रेल्वेत जातो. पुढे सोलापूर जिल्ह्यात उतरायचं, वारकऱ्यांच्या गर्दीतून वाट काढायची आणि तितकंच अंतर परतायचं. एका एकादशीसाठी कार्यालयात चार दिवस खुर्ची रिकामी राहते. पालखीबरोबर चालायचं ठरवलं तर तीन आठवडे.

ग्वाल्हेरचा मराठी माणूस ही रजा कशी मागतो, कुठे अडतो आणि कशी मागितली तर ती मिळते, हा या लेखाचा विषय आहे. ज्याच्या शेजारच्या टेबलावर हजला जाणारा सहकारी बसतो, समोर पर्युषणाचे उपास करणारा जैन आणि मागे छठला गावी जाणारा बिहारी, असा हा माणूस आहे.

पडाव हा स्टेशनाला लागून असलेला भाग. गाड्या पकडायला शहराची निम्मी वस्ती इथूनच जाते. पलीकडे फूलबाग. राणी लक्ष्मीबाईंची समाधी याच परिसरात आहे. फूलबागेत शिंदे दरबाराच्या काळापासून गोपाळमंदिर, मोती मशीद आणि गुरुद्वारा एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. शिंदे घराणं बीडच्या मन्सूरशाह अवलियांना गुरुस्थानी मानत आलं आहे, आणि संस्थानी काळात मोहरम हा इथे दरबाराचाच सोहळा होता. डिसेंबरातला तानसेन समारोह आजही हरिकथा आणि मिलाद अशा दोन्हींनी सुरू होतो, आणि ती हरिकथा मराठी कीर्तनपरंपरेतल्या ढोलीबुवांच्या मठाकडून होते. एकमेकांचे सण पाहण्याची सवय या शहराला आहे. म्हणूनच मला वाटतं की इथल्या कार्यालयांत रजेवरून जी कुरबुर होते ती धर्मद्वेषातून क्वचितच येते. बहुतेक वेळा ती अर्ज चुकीचा, उशिरा किंवा खोट्या कारणाने दिल्यामुळे होते.

उदाहरणाला केंद्र सरकारचं कार्यालय घेऊ, कारण ग्वाल्हेरात त्याचं मोठं ठाणं आहे. झाशी रोडवरच्या लेखाभवनात मध्य प्रदेशाच्या महालेखाकारांचं कार्यालय आहे. देशभरातून आलेली माणसं तिथे बसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतले लोक तिथे नोकरी करत आले आहेत. तिथल्या बोलीत सुट्टीचे तीन प्रकार आहेत : सीएल, ईएल आणि आरएच.

सणांच्या सुट्ट्यांची केंद्राची व्यवस्था मुळात सरळ आहे. चौदा सुट्ट्या सगळीकडे सक्तीच्या. त्यांत तीन राष्ट्रीय दिवसांसोबत दसरा, दिवाळी, दोन्ही ईद, मोहरम, मिलाद, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरू नानक जयंती, गुड फ्रायडे आणि नाताळ येतात. आणखी तीन सुट्ट्या प्रत्येक राज्यातली समन्वय समिती बारा सणांच्या यादीतून निवडते. त्या यादीत होळी, जन्माष्टमी, रामनवमी, गणेश चतुर्थी, गुढीपाडवा असे सण आहेत. उरलेल्यांसाठी आरएच, म्हणजे लांबलचक यादीतून प्रत्येकाने आपल्या आवडीने घ्यायचे वर्षातले दोन दिवस. दिल्लीहून निघणाऱ्या यादीत शिवजयंती असते, भाऊबीज असते, छठ असते. आषाढी एकादशी नसते. ज्या दिवशी महाराष्ट्र पंढरपुराकडे तोंड करून उभा असतो तो दिवस ग्वाल्हेरच्या कार्यालयात साधा कामाचा दिवस आहे. तेव्हा वारीसाठी आरएचचा उपयोग नाही. सीएल किंवा ईएल यांतूनच वाट काढावी लागते, आणि या दोन रजांचं गणित वेगवेगळं आहे. बहुतेक लोक इथेच चुकतात.

सीएल वर्षाला आठ. एका वेळी साधारणपणे पाचपेक्षा जास्त देत नाहीत. पण मधल्या शनिवार-रविवारची सीएल कापली जात नाही. ईएल वर्षाला तीस. १ जानेवारीला पंधरा आणि १ जुलैला पंधरा जमा होतात, साठवता साठवता तीनशेपर्यंत जातात. पण ईएलमध्ये मध्ये येणारा प्रत्येक शनिवार-रविवार मोजला जातो. रजेच्या अगदी आधी किंवा अगदी नंतर लागून आलेली सुट्टी मात्र जोडून घेता येते आणि ती कापली जात नाही. आणि सीएल व ईएल एकमेकांना जोडता येत नाहीत.

आता २०२५ च्या तारखा घेऊन पाहू. समजा एका लेखापालाला फक्त दशमीला वाखरीहून पंढरपुरापर्यंत पालखीबरोबर चालायचं आहे आणि एकादशीला कळसाचं दर्शन घेऊन परतायचं आहे. गुरुवारी ३ जुलैला गाडी, शुक्रवारी पुणे, शनिवारी ५ तारखेला वाखरी, रविवारी एकादशी, सोमवारी परतीची गाडी, मंगळवारी ८ तारखेला ग्वाल्हेर, बुधवारी कामावर. कामाचे दिवस चार बुडतात. सीएल टाकली तर चारच जातात. हाच अर्ज ईएलचा केला तर ३ ते ८ जुलै असे सहा दिवस जातात. पाच दिवसांच्या आतलं काम असेल आणि मध्ये शनिवार-रविवार येत असेल तर सीएलच घ्यावी. चार सीएल उरतात, वर्षाचा उत्तरार्ध त्यावर निभावायचा.

त्यालाच आळंदीपासून चालायचं असेल तर? ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं प्रस्थान त्या वर्षी १९ जूनला झालं. म्हणजे १८ जूनला ग्वाल्हेर सोडायला हवं आणि ८ जुलैला परत. कामाचे दिवस पंधराच आहेत, पण ईएल एकवीस कापल्या जातात. महिन्याला अडीच दिवस या हिशेबाने ही आठ महिन्यांहून जास्त काळाची कमाई आहे. ती खर्च करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि शिलकीचा प्रश्न.

या दोन्हींच्या मधला मार्ग फारसा कुणी पाहत नाही. शुक्रवारी २७ जूनला कार्यालय सुटल्यावर गाडी पकडायची. शनिवार-रविवार रजेच्या आधी जोडून घ्यायचे. सोमवार ३० जूनपासून ८ जुलैपर्यंत नऊ दिवसांची ईएल. रविवारी फलटणच्या पुढे दिंडी गाठता येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असा शेवटचा आठवडा पायी होतो. नऊ दिवसांच्या रजेत अकरा दिवस हाती लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पायांनाही हे झेपतं. पुण्यातले नोकरदार आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड अशी एका दिवसाची वारी करतात. ग्वाल्हेरच्या माणसाला ती सोय नाही, त्याचं अंतरच निम्मी रजा खातं. म्हणून शनिवार-रविवार कुठे बसवायचा याला त्याच्यासाठी फार महत्त्व.

गणित जमलं की अर्ज. रजेच्या छापील नमुन्यात एक रकाना कारणाचा असतो. तिथे बहुतेक जण ‘घरगुती काम’ लिहितात. अनुभवी मंडळीही नव्याला तेच सांगतात : कशाला देवाधर्माचं लिहायचं, साहेब कोण, कसा, काय माहीत. या सल्ल्याशी मी असहमत आहे आणि त्याला व्यावहारिक कारण आहे. घरगुती काम पुढे ढकलता येतं. एकादशी ढकलता येत नाही. अधिकाऱ्याच्या हाती तीन अर्ज असतील आणि तिन्हींवर ‘घरगुती काम’ असेल तर तो ज्याला पुढच्या आठवड्यात जा म्हणेल तो नेमका वारकरीच असू शकतो. कारण स्पष्ट लिहिलं, ‘आषाढी एकादशी, ६ जुलै, पंढरपूर’, की तारीख न हलणारी आहे हे कागदावरच येतं.

याहून वाईट म्हणजे आजारपणाचं कारण. डॉक्टरचा दाखला जोडून वारीला गेलेला माणूस पंढरपुरात कुणीतरी काढलेल्या फोटोत दिसतो, फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर येतो, आणि मग शिस्तभंगाची कारवाई होते ती वारीसाठी नाही, खोट्या दाखल्यासाठी. पुढे खरंच ताप आला तरी त्या माणसाच्या शब्दाला किंमत राहत नाही. आणि त्या विभागात पुढच्या वर्षी खरं कारण लिहिणाऱ्याचाही अर्ज संशयाने वाचला जातो. त्याचा धर्म कुठलाही असो.

कारण खरं लिहिलं म्हणजे रजा मिळालीच असं नाही. १९७२ च्या रजा नियमांतला सातवा नियम सुरुवातीलाच सांगतो की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. सार्वजनिक सेवेची निकड असेल तर अधिकारी ती नाकारू शकतो, दिलेली रद्दही करू शकतो. पण त्याच नियमाचा दुसरा भाग फार थोड्यांना माहीत असतो. तुम्ही ज्या प्रकारची रजा मागितली आहे आणि जी तुमच्या खात्यावर आहे, तिचा प्रकार अधिकारी स्वतःहून बदलू शकत नाही. बदल हवा तर तुमची लेखी विनंती लागते. ईएल मागितल्यावर ‘तुझी बिनपगारी करतो’ असं कुणी म्हणालं तर ते नियमात बसत नाही. आणि नकाराचा आधार कामाची निकड हाच आहे. कुठल्या देवाला जातोस, हा प्रश्न त्या नियमात नाही.

निकड मात्र खरी असते. जूनअखेर हा हिशेबाच्या कार्यालयातला वाईट काळ. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख १ जुलै लिहिण्याची जुनी रीत, त्यामुळे ३० जूनला निवृत्त होणारे कर्मचारी खूप. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची अंतिम प्रकरणं याच सुमारास टेबलांवर येतात. वारी नेमकी याच दिवसांत चालते. अर्ज देणाऱ्याने हे आपल्याला ठाऊक आहे असं दाखवलं तर निम्मं काम होतं. कोणती प्रकरणं जायच्या आधी निकालात काढणार, उरलेली कुणाकडे सोपवणार आणि त्या सहकाऱ्याची तयारी आहे का, अशा तीन ओळी अर्जाखाली असाव्यात. मला विचाराल तर कारणाच्या रकान्यापेक्षाही या ओळींनी रजा मंजूर होते.

इथे दुसऱ्या टेबलाचा प्रश्न येतो. २०२५ ची हज यात्रा ४ जूनपासून सुरू झाली. हज कमिटीमार्फत जाणाऱ्याचा मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा असतो आणि परतीची विमानं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत येत राहतात. समजा त्याच विभागात सहा माणसं आहेत, एक हजला गेला आहे आणि त्याची परतीची तारीख जुलैत आहे. वारकऱ्याने तीन आठवडे मागितले तर जूनअखेरीला सहांतले दोन नाहीत. अधिकारी नाही म्हणतो. आणि मग ‘त्यांना मिळते, आपल्याला नाही’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये ऐकू येतं.

ते वाक्य का चुकीचं आहे, हे तारखा लावल्या की दिसतं. २०२५ च्या हजचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात भरले गेले, मग सोडत, मग पैशाचे हप्ते. सरकारी नोकराला परदेशी जायची वेगळी परवानगीही घ्यावी लागते. अर्ज आल्यापासून एकवीस दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय कळवायचा असतो, नाही कळवला तर परवानगी मिळाली असं धरता येतं. या सगळ्यामुळे हजला जाणाऱ्याची रजा कार्यालयाला कित्येक महिने आधी माहीत होते. तीही त्याच्या स्वतःच्या ईएलमधूनच जाते, हजसाठी वेगळी खास रजा केंद्राच्या नियमांत नाही. वारकरी मात्र अर्ज करतो जूनच्या पहिल्या आठवड्यात, कारण गाडीचं तिकीट काढून देणारं, दिंडीत नाव लावणारं कुणी भेटलं की मगच त्याचं ठरतं. आषाढीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. ती जानेवारीत सांगितली असती तर हजवाला आणि वारकरी दोघांनी मिळून ठरवता आलं असतं. एकवीस दिवसांऐवजी नऊ दिवसांचा आराखडा पुढे केला असता तरी सहांतले दोन फक्त एका आठवड्यापुरते गैरहजर राहिले असते.

असाच गुंता भाद्रपदात होतो आणि तो ग्वाल्हेरात जास्त जाणवतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्वही पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत, म्हणजे त्याच दिवसांत. मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरला. मुंबईत मिरवणुका एकमेकींवर येऊ नयेत म्हणून मिलादची मिरवणूक पुढे नेली गेली आणि राज्य सरकारने मुंबई शहर व उपनगरांतली सुट्टी ५ वरून ८ सप्टेंबरला हलवली. हा समजूतदारपणा शहराच्या पातळीवर होतो, तर दहा माणसांच्या विभागात तो न होण्याचं कारण नाही. घरी दीड दिवसाचा गणपती असणाऱ्याला दोन दिवस पुरतात. दहा दिवस बसवणाऱ्यालाही खरं तर स्थापना, गौरी आणि विसर्जन एवढेच दिवस लागतात. जैन सहकाऱ्याला बहुधा रजा नको असते, संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवायला घरी पोचता येईल अशी सुटका हवी असते. म्हणजे मागण्या एकाच काळातल्या असल्या तरी एकसारख्या नाहीत. कुणाला कोणता दिवस आणि दिवसातला कोणता वेळ हवा, हे विचारलं तर अर्धे झगडे होतच नाहीत. २०२५ च्या रमजानमध्ये तेलंगण सरकारने मुस्लिम कर्मचाऱ्यांना महिनाभर तासभर लवकर जाऊ दिलं. त्यातही मागणी रजेची नव्हती, वेळेची होती.

चंद्रावर ठरणाऱ्या तारखांबाबत अधिकाऱ्याने एक सैल जागा ठेवायलाच हवी. ईदची सुट्टी आदल्या संध्याकाळी बदलू शकते. मुस्लिम सहकाऱ्याने एक दिवस इकडेतिकडे सरकवून मागितला तर तो बेशिस्त नाही. हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी विभागातल्या ज्येष्ठाची.

काही गोष्टी अर्जदाराला स्वतःलाच सांभाळाव्या लागतात. रजा मंजूर झाली तरी मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी असते आणि ती सुट्टीच्या दिवशीही लागते. अर्जात तो एक रकाना भरायचा राहिला म्हणून नोटीस आलेली माणसं असतात. तोंडी ‘जा जा’ म्हणजे मंजुरी नव्हे, आदेश हाती किंवा पोर्टलवर दिसेपर्यंत थांबावं. चंद्रभागेच्या पुराने, गाडी रद्द झाल्याने परतायला उशीर झाला तर तिथूनच मुदतवाढीचा अर्ज पाठवावा. रजा संपल्यावरच्या गैरहजेरीचा पगार मिळत नाही आणि मुद्दाम गैरहजर राहिल्याचा ठपका येऊ शकतो. आणि ज्यांनी भारतात कुठेही जाण्याची प्रवास सवलत चालू चार वर्षांच्या गटात वापरलेली नाही, त्यांनी पंढरपूर हेच ठिकाण तिच्यासाठी निवडता येतं हे ध्यानात घ्यावं. २०२२ ते २०२५ हा गट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. त्या सवलतीबरोबर दहा दिवसांची ईएल रोखही करून घेता येते. पण ज्या गावाला जायचं त्याची नोंद प्रवासाआधी करावी लागते, परतल्यावर नाही.

हे सगळं सरकारी नोकराचं. मालनपूरच्या कारखान्यांतला कामगार नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाने कायद्याखाली येत असे. वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांच्या कामाला एक दिवस पगारी रजा, अर्ज पंधरा दिवस आधी लेखी, आणि वर्षातून तीनदाच तुकडे पाडता येत. रीतसर मागितलेली रजा नाकारली गेली तर ती बुडत नसे, मर्यादेशिवाय पुढे साठत असे. हे कामगाराला क्वचित कुणी सांगत असे. पडावावरच्या दुकानांत आणि हॉटेलांत काम करणाऱ्या पोरांची गोष्ट याहून कठीण आहे. तिथे रजा मालकाच्या मर्जीवर असते आणि वारीला गेलेल्याची जागा परत येईपर्यंत भरलेली असते. त्यांच्यासाठी वरचं गणित उपयोगाचं नाही, आणि याचं दुःख वाटतं.

अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसलेल्या मराठी माणसाला एक सांगणं आहे, कारण ग्वाल्हेरात तेही बरेच आहेत. कोणाची भक्ती मोठी हे तोलायला बसू नका. सगळ्यांना जानेवारीतच विचारा की वर्षातले न हलणारे दिवस कोणते, ते एका तक्त्यावर लिहा आणि तो तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावा. दोघांच्या तारखा भिडल्या तर ज्याला मागच्या वर्षी मिळाली त्याने यंदा कमी दिवसांत भागवावं, मग तो आपल्या आळीतला असला तरी. आपल्या माणसाला आधी दिली की पुढच्या वर्षीपासून सगळे पुन्हा ‘घरगुती काम’ लिहू लागतात.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे आषाढी लांबली आहे. ती २५ जुलै २०२६ ला, शनिवारी येते. हज मे महिनाअखेर आटोपलेली असेल आणि मोहरमची दहावी चंद्र दिसला तसा २६ जूनच्या सुमारास येईल, म्हणजे तारखा एकमेकींना भिडत नाहीत. गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार अशा तीन सीएलमध्ये ग्वाल्हेरहून पंढरपूर होतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २३ जुलैच्या गाडीचं २४ मेच्या सुमारास. तिकिटाआधी अर्ज द्या, मेच्या पहिल्या आठवड्यातच, आणि कारणाच्या रकान्यात पंढरपूर असं लिहा.